रुंद तक्ता, अरुंद पान

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी देखभाल खर्चाचा तक्ता छापायचा आहे असे समजा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे दर वर्षी पावसाळ्यात हे काम संस्थेच्या कोषाध्यक्षांपुढे येते. ६४ सदनिका आहेत. एक्सेलमध्ये २२ कॉलम आहेत: अनुक्रमांक, सदनिका क्रमांक, सभासदाचे नाव, क्षेत्रफळ, मागील बाकी, एप्रिल ते मार्च असे बारा महिने, एकूण आकारणी, एकूण भरणा, व्याज, येणे बाकी आणि शेरा. पडद्यावर तक्ता नीट दिसतो, कारण पडदा हवा तेवढा उजवीकडे सरकवता येतो. मग फाइलची पीडीएफ केली जाते आणि सहा पाने तयार होतात. पहिल्या दोन पानांवर नावे आणि फक्त एप्रिल, मे. तिसऱ्या-चौथ्या पानावर जून ते मार्चचे आकडे, पण नावे नाहीत. पाचव्या-सहाव्या पानावर कोणाकडे किती येणे आहे ते सगळे आहे, फक्त ते कोणाकडे आहे हे कुठेच नाही.

या सहा पानांचा हिशेब आधी समजून घेऊ, कारण पुढचे सगळे उपाय त्याच हिशेबातून निघतात.

उभ्या ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटीमीटर. एक्सेल नेहमीच्या मांडणीत दोन्ही बाजूंना पाऊण इंचापेक्षा किंचित कमी, म्हणजे पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास समास सोडते. छपाईला उरतात सुमारे १७.४ सेंटीमीटर. कॅलिब्री ११ हा फॉन्ट असलेल्या वहीत हात न लावलेला प्रत्येक कॉलम सुमारे १.७ सेंटीमीटर रुंद असतो. आपल्या तक्त्यात असे वीस कॉलम आहेत, त्यांचे ३३.९ सेंटीमीटर होतात. नावाचा कॉलम ओढून ५.७ केलेला आहे, शेऱ्याचा ४.८. सगळे मिळून सुमारे ४४.३ सेंटीमीटर. म्हणजे १७.४ सेंटीमीटरच्या जागेत ४४.३ सेंटीमीटरचा तक्ता बसवायचा आहे. एक्सेल कॉलम मधोमध कापत नाही. जो पूर्ण मावत नाही तो अख्खा पुढच्या पानावर ढकलते. म्हणून मे महिन्यानंतर पान तुटले आणि जूनपासून नवे सुरू झाले. एकच कॉलम पानापेक्षा रुंद असेल तेव्हाच तो मध्ये चिरला जातो.

पाने ज्या क्रमाने निघतात त्यामुळे ही चूक उशिरा लक्षात येते. एक्सेल आधी खाली उतरते आणि मग उजवीकडे वळते. म्हणजे पहिल्या कॉलमांच्या सगळ्या ओळी छापून झाल्यावरच उरलेले कॉलम येतात. सहाच पाने असतील तर घोटाळा तिसऱ्या पानावर कळतो. सहाशे सभासदांचा तक्ता असेल तर पहिली बारा-तेरा पाने बिनचूक दिसतात आणि वरवर पाहणारा माणूस फाइल पुढे पाठवून देतो. पीडीएफ तपासताना थेट शेवटच्या पानावर जावे. तिथे नाव आणि बाकी एकाच ओळीत दिसली तर पहिली पायरी जमली.

यावर बहुतेकांना माहीत असलेला उपाय आहे आणि तो बरोबरही आहे. Page Layout या टॅबवर Scale to Fit असा गट असतो. त्यात Width पुढे 1 page निवडायचे आणि Height पुढे Automatic ठेवायचे. हेच काम File मधल्या Print पडद्यावर Fit All Columns on One Page या पर्यायाने होते. त्याला अगदी चिकटून Fit Sheet on One Page असा दुसरा पर्याय असतो आणि घाईत तोच निवडला जातो. त्याचा अर्थ वेगळा आहे: कॉलम आणि ओळी, दोन्ही एकाच पानात. आपल्या तक्त्यात शीर्षकाच्या तीन, सभासदांच्या चौसष्ट आणि बेरजेची एक अशा ६८ ओळी आहेत. त्या सगळ्या एका आडव्या पानात कोंबल्या तर अक्षरे निम्म्याहून लहान होतात. आपल्याला फक्त रुंदी बांधायची आहे. लांबी मोकळी सोडायची, ती लागेल तितकी पाने घेईल. Page Setup च्या खिडकीतून हे करत असाल तर Fit to च्या पुढे 1 page(s) wide by 1 tall असे आधीच भरलेले येते. त्यातला दुसरा आकडा पुसून ती चौकट रिकामी ठेवावी लागते. शून्य टाकायचा नाही, रिकामी ठेवायची.

इथपर्यंत केले की कॉलम तुटणे थांबते. पण काम इथे संपले असे समजणे हीच मला या विषयातली मोठी अडचण वाटते. हा पर्याय तक्ता बसवतो तो फक्त आकसून. किती आकसला हे तो ठळकपणे सांगत नाही, आणि आकसलेला तक्ता वाचता येतो की नाही याची त्याला फिकीर नसते. ते आपणच मोजायचे.

मोजणे सोपे आहे. पानावरची मोकळी रुंदी भागिले तक्त्याची रुंदी. उभ्या पानावर १७.४ भागिले ४४.३, म्हणजे ३९ टक्के. मूळ अक्षर ११ पॉइंटचे असेल तर कागदावर ते ४.३ पॉइंटचे उतरते. औषधाच्या पाकिटावरच्या सूचनांइतके बारीक. पान आडवे केले, म्हणजे Orientation मध्ये Landscape निवडले, तर मोकळी रुंदी २६.१ सेंटीमीटर होते, तक्ता ५९ टक्क्यांवर येतो आणि अक्षर साडेसहा पॉइंटचे होते. समास अरुंद केले, म्हणजे Margins मध्ये Narrow घेतले, तर दोन्ही बाजूंना जेमतेम साडेसहा मिलिमीटर सुटतात, मोकळी रुंदी २८.४ सेंटीमीटर होते आणि प्रमाण ६४ टक्के. अक्षर सात पॉइंटचे.

सात पॉइंटमध्ये इंग्रजी आकडे वाचता येतात. देवनागरी नावे वाचताना त्रास होतो. रोमन अक्षराला मिळालेली सगळी उंची त्या एका अक्षराचीच असते. देवनागरीत तेवढ्याच उंचीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षर एवढे सगळे बसवायचे असते, त्यामुळे मूळ अक्षराच्या वाट्याला कमी जागा येते. ‘कुलकर्णी’ आणि ‘म्हात्रे’ ही नावे सात पॉइंटमध्ये छापून, झेरॉक्स काढून, सभेत साठीच्या सभासदाच्या हाती द्या. रफार कुठे संपला आणि वेलांटी कुठे सुरू झाली हे त्यांना कागद डोळ्यांजवळ नेऊन शोधावे लागते. माझ्या मते हातात द्यायच्या देवनागरी तक्त्यात आठ पॉइंटच्या खाली जाऊ नये आणि नऊच्या आसपास राहता आले तर राहावे. फॉन्टचाही फरक पडतो. विंडोजमधला कोकिळा हा फॉन्ट त्याच आकड्याला निर्मला किंवा मंगलपेक्षा बराच लहान दिसतो, म्हणून कोकिळा वापरत असाल तर ही मर्यादा आणखी वर न्यावी लागेल.

म्हणजे पान बदलून आणि समास कमी करून जे मिळायचे ते ६४ टक्क्यांवर संपते. पुढचा फायदा तक्त्यातूनच काढावा लागतो. ‘पानात बसवा’ ही आज्ञा सगळ्यात शेवटी द्यायची असते. त्याआधी प्रत्येक कॉलमला विचारायचे की तुला एवढी जागा का हवी.

आपल्या तक्त्यातला सगळ्यात मोठा खर्च बारा महिन्यांचा आहे, कारण तिथे वाया गेलेला प्रत्येक मिलिमीटर बारा वेळा वाया जातो. दरमहा आकारणी २,८५० रुपये आहे आणि ती २,८५०.०० अशी लिहिलेली आहे. पैसे नेहमी शून्यच असतात. दशांशाची ती दोन शून्ये आणि टिंब काढून टाकले की चार अंक आणि एक स्वल्पविराम एवढाच मजकूर उरतो. मग सहा अक्षरांची रुंदी पुरेल असे वाटते, आणि इथेच बहुतेक जण फसतात. सभासदाच्या ओळीत २,८५० बसते, पण खाली बेरजेच्या ओळीत ६४ सदनिकांचे १,८२,४०० रुपये आहेत. तो आकडा त्या रुंदीत मावत नाही आणि एक्सेल त्याच्या जागी ##### छापते. मजकूर मावला नाही तर तो अर्धा तरी दिसतो. आकडा मात्र अर्धा दाखवणे धोक्याचे म्हणून एक्सेल तो दाखवतच नाही, आणि हे योग्यच आहे. म्हणून कॉलमची रुंदी नेहमी त्यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्यावरून, म्हणजे बेरजेच्या ओळीवरून ठरवायची. १,८२,४०० साठी सात अक्षरांची रुंदी लागते, म्हणजे सुमारे १.४ सेंटीमीटर. वर्षाची एकूण आकारणी २१,८८,८०० आहे. तो आकडा ठळक अक्षरात असतो, म्हणून त्या आणि इतर रकमांच्या पाच कॉलमांना नऊ अक्षरे, म्हणजे सुमारे १.८ सेंटीमीटर द्यावेत. इथे कॉलम मूळ रुंदीपेक्षा थोडा वाढला. तरी चालेल. वाचक याच कॉलमांसाठी कागद हातात घेणार आहे.

कडेकडेने बसवलेल्या कॉलमांत आणखी एक गोम असते. पडद्यावर आकडा नीट दिसतो आणि पीडीएफमध्ये त्याच जागी ##### येते. तक्ता आकसताना अक्षरांची रुंदी अगदी त्याच प्रमाणात कमी होत नाही, एखादा केसभर फरक राहतो आणि तेवढा पुरतो. म्हणून प्रत्येक आकड्याच्या कॉलममध्ये एखाद्या अंकाची जागा मोकळी ठेवावी आणि पीडीएफ झाल्यावर तिच्यात # हे चिन्ह शोधून पाहावे. Ctrl+F दाबून शोधायला काही सेकंद लागतात. सभेत बेरजेच्या जागी जाळी दिसली की हिशेबावरच शंका घेतली जाते.

महिन्यांची नावे हा दुसरा अडसर. ‘सप्टेंबर’ आणि ‘नोव्हेंबर’ १.४ सेंटीमीटरमध्ये एका ओळीत बसत नाहीत. इंग्रजी तक्त्यांत शीर्षके नव्वद अंशांत उभी करण्याची पद्धत आहे. देवनागरीत मला ती आवडत नाही. शिरोरेषा उभी झाली की शब्द वाचायला मान वाकडी करावी लागते आणि लहान अक्षरात मात्रा शेजारच्या रेषेला टेकतात. त्यापेक्षा एप्रि., मे, जून, जुलै, ऑग., सप्टें., ऑक्टो., नोव्हें., डिसें., जाने., फेब्रु., मार्च अशी आखूड रूपे लिहावीत. कोणालाही ती समजतात. ‘एकूण आकारणी’ किंवा ‘मागील बाकी’ अशी दोन शब्दांची शीर्षके दोन ओळींत मोडावीत. Wrap Text ते आपोआप करते. नेमके कुठे मोडायचे हे स्वतः ठरवायचे असेल तर त्या जागी Alt आणि Enter दाबायचे.

नावाचा कॉलम ५.७ सेंटीमीटर आहे तो ४.२ करता येतो. बहुतेक नावे त्यात बसतात. संयुक्त मालकीची लांब नावे Wrap Text ने दुसऱ्या ओळीत जातील, म्हणजे पानाची उंची थोडी जास्त लागेल. ती आपण मोकळी सोडलेलीच आहे. इथे Wrap Text विसरला तर काय होते ते पाहा: शेजारचा कप्पा रिकामा असेपर्यंत नाव त्यावर पसरते, आणि तिथे आकडा आला की नाव त्या कडेला छाटले जाते. ‘श्री. व सौ. देशपां’ असा मजकूर याच कारणाने छापला जातो. अनुक्रमांकाला १.७ सेंटीमीटरची गरज नाही, ०.९ पुरतो. सदनिका क्रमांकाला १.२. शेरा बहुतेक ओळींत रिकामा असतो, त्याला दोन ओळींत मोडणारा २.३ सेंटीमीटरचा कॉलम पुष्कळ झाला.

आणि क्षेत्रफळ? वर्गणी क्षेत्रफळावर ठरत नसेल तर सभेतल्या या तक्त्यात त्याचे काम नाही. कॉलम पुसायचा नाही, नुसता लपवायचा. कॉलमच्या अक्षरावर उजवी कळ दाबून Hide. लपवलेला कॉलम छापला जात नाही आणि त्यावर अवलंबून असलेली सूत्रेही बिघडत नाहीत. मूळ फाइल जशीच्या तशी राहते. कोणता कॉलम कागदावर यायला हवा हा प्रश्न मुळात कागद वाचणाऱ्याचा आहे आणि त्याचे उत्तर संगणक देऊ शकत नाही.

आता पुन्हा बेरीज करू. अनुक्रमांक आणि सदनिका मिळून २.१, नाव ४.२, बारा महिने १७.१, रकमांचे पाच कॉलम ९, शेरा २.३. एकूण सुमारे ३४.८ सेंटीमीटर. आडव्या पानाच्या २८.४ ला ३४.८ ने भागले की ८१ टक्के येतात. ११ पॉइंटचे अक्षर ८.९ पॉइंटचे छापले जाईल. आता Width पुढे 1 page निवडायचे. हाच तक्ता, हाच कागद, आणि सुरुवातीच्या ४.३ पॉइंटच्या जागी दुपटीहून मोठे अक्षर. पाने दोन, फार तर तीन.

दुसऱ्या पानावर शीर्षकाची ओळ आपोआप येत नाही, हे इथेच सांगितले पाहिजे. पडद्यावर Freeze Panes करून वरच्या ओळी गोठवल्या असल्या तरी एक्सेलच्या छपाईशी त्याचा संबंध नसतो. त्यासाठी Page Layout मध्ये Print Titles उघडून Rows to repeat at top या चौकटीत आपल्या शीर्षकाच्या तीन ओळी द्याव्या लागतात:

```
$1:$3
```

मग प्रत्येक पानावर संस्थेचे नाव, वर्ष आणि कॉलमांची शीर्षके येतात. ही खिडकी Page Layout मधूनच उघडावी. Print पडद्याच्या तळाशी असलेल्या Page Setup च्या दुव्यातून ती उघडली तर ही चौकट निष्क्रिय दिसते आणि माणूस गोंधळतो.

कधी कधी एवढे सगळे करूनही तक्ता हिशेबापेक्षा कितीतरी लहान छापला जातो आणि उजवीकडे पान रिकामे राहते. त्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते: दूर उजवीकडे कुठेतरी काहीतरी पडलेले आहे. AF12 मध्ये कोणीतरी स्पेसबार दाबला असेल, किंवा तिथपर्यंत चौकटीच्या रेघा ओढल्या गेल्या असतील. दिसायला काहीच नाही, पण एक्सेलच्या दृष्टीने तक्ता तिथपर्यंत पसरलेला आहे. आपल्या उदाहरणात शेऱ्यानंतरचे असे दहा रिकामे कॉलम मोजले गेले तर तक्ता जवळपास ५२ सेंटीमीटरचा होतो आणि ८१ टक्क्यांच्या जागी ५४ टक्के होतात. हे ओळखायला Ctrl आणि End एकत्र दाबा. एक्सेल ज्या कप्प्याला शेवटचा मानते तिथे कर्सर उडी मारतो. तो तुमच्या बेरजेच्या ओळीत शेवटच्या कॉलमवर थांबायला हवा. त्यापलीकडे गेला तर ते फालतू कॉलम निवडून Delete करा. नुसते रिकामे करू नका, कारण तसे केल्याने रेघा राहतात. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे छपाईची हद्द स्वतः आखणे. A1 पासून V68 पर्यंतचा भाग निवडून Print Area मध्ये Set Print Area म्हणायचे. मग बाहेर काहीही असले तरी ते मोजले जात नाही. पुढच्या वर्षी नव्या सभासदांच्या ओळी बेरजेच्या वर घातल्या तर ही हद्द आपोआप वाढते. हद्दीखाली लिहिल्या तर त्या छापल्या जाणार नाहीत, हे लक्षात ठेवायचे.

हे सगळे एका नजरेत पाहायला View मधली Page Break Preview ही दृष्टी मला सगळ्यात उपयोगी वाटते. तक्त्यावर निळ्या रेघा दिसतात. तुटक रेघ म्हणजे एक्सेलने स्वतः ठरवलेली पानाची कड, सलग रेघ म्हणजे आपण ठरवलेली. छपाईबाहेरचा भाग करडा दिसतो. मधे उभी निळी रेघ दिसली तर कॉलम तुटणार हे कागद न छापता कळते.

पीडीएफ काढताना File मधून Export, मग Create PDF/XPS, किंवा Save As मध्ये PDF निवडायचे. कागद ए-फोरच आहे ना हे आधी Size मध्ये पाहून घ्या. इंटरनेटवरून उतरवलेल्या पुष्कळ तयार फाइलींत अमेरिकेतला Letter हा कागद ठरलेला असतो. तो आडवा धरला तर ए-फोरपेक्षा जवळपास पावणेदोन सेंटीमीटर कमी रुंद भरतो, म्हणजे आपण मेहनतीने मिळवलेली जागा उगाच जाते. एक्सेलची मांडणी निवडलेल्या प्रिंटरवरही अवलंबून असते. घरच्या संगणकावर एका पानात बसलेला तक्ता संस्थेच्या कार्यालयातल्या संगणकावर शेवटचा कॉलम बाहेर टाकू शकतो. म्हणूनच एक्सेलची फाइल पाठवण्याऐवजी पीडीएफ पाठवायची. तिच्यात मांडणी गोठलेली असते आणि देवनागरी फॉन्टही सोबत जातो, त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानात तो फॉन्ट नसला तरी अक्षरे बदलत नाहीत. तिथे छापताना मात्र Actual size निवडायला सांगा. Fit निवडले तर प्रिंटर स्वतःचा समास सोडून पान पुन्हा थोडे आकसतो. तक्ता तुटत नाही, पण अक्षर आणखी बारीक होते. अरुंद समासामुळे एखाद्या प्रिंटरवर कड खाल्ली जात असेल तर एकच प्रत आधी काढून पाहावी.

गूगल शीट्समध्ये हाच मार्ग थोडक्यात होतो. File, Download, PDF असे गेले की एक पडदा उघडतो. त्यात कागद A4, Landscape, Scale पुढे Fit to width, Margins पुढे Narrow. तिथे एक सोय एक्सेलपेक्षा चांगली आहे: गोठवलेल्या ओळी प्रत्येक पानावर पुन्हा छापण्याचा पर्याय त्याच पडद्यावर आहे. एक अडचणही आहे. गूगल शीट्समधला हात न लावलेला कॉलम १०० पिक्सेल रुंद असतो, एक्सेलचा ६४. म्हणजे तोच तक्ता तिथे सुरुवातीलाच दीडपट रुंद असतो आणि Fit to width त्याला तेवढाच जास्त आकसतो. कॉलम आधी अरुंद करण्याची गरज तिथे अधिक आहे. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये Format मधून Page Style, त्यातला Sheet हा टॅब, आणि Scaling mode मध्ये रुंदी-उंचीचा पर्याय निवडून Width in pages पुढे 1 द्यायचे, Height in pages रिकामे ठेवायचे. तिथेही मूळ कॉलम एक्सेलपेक्षा रुंद, सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास असतो. लिब्रेऑफिसच्या नव्या आवृत्त्यांत पीडीएफ काढताना अख्खे शीट एकाच पानावर घेण्याचा पर्याय आहे, तो छपाईसाठी नाही. त्यात कागदाला तक्त्याएवढे केले जाते, आणि असा कागद बाजारात मिळत नाही. मोबाइलवर पाहायला ती पीडीएफ चांगली.

एका वहीत इमारतीनिहाय पाच-सहा शीट असतील तर वरची मांडणी प्रत्येक शीटला वेगळी द्यावी लागते. एक्सेल ती शीटनिहाय लक्षात ठेवते. Ctrl धरून तळाच्या टॅबवर टिचकी मारत गेले की शीट एकत्र निवडली जातात आणि पान, समास, रुंदी हे सगळे एकदम ठरवता येते. Print Titles मात्र तशा अवस्थेत देता येत नाहीत, ते शीटगणिकच करायचे. काम झाले की निवड सोडायलाच हवी. नाहीतर एका शीटवर लिहिलेला आकडा सगळ्या शीटवर त्याच कप्प्यात उमटतो, आणि हिशेबाच्या वहीत ती चूक सापडायला फार वेळ जातो.

काही तक्ते एवढे करूनही बसत नाहीत. देखभालीसोबत सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, पार्किंग आणि पाणीपट्टी दरमहा वेगळी दाखवायची असेल तर साठाहून जास्त कॉलम होतात. तिथे एका पानाचा हट्ट सोडावा. एक वाट ए-थ्री कागदाची. त्याची रुंदी आडव्यात ४२ सेंटीमीटर, म्हणजे ए-फोरच्या १.४ पट, आणि तो बहुतेक झेरॉक्सच्या दुकानांत मिळतो. आपला मूळ, काहीही न छाटलेला ४४.३ सेंटीमीटरचा तक्ताही ए-थ्रीवर अरुंद समासात ९१ टक्क्यांनी बसला असता. सूचना फलकावर लावायला तो उत्तम. हातात धरून सभेत बसायला मोठा पडतो.

दुसरी वाट तक्ता आपण ठरवू तिथे तोडण्याची. आपल्या तक्त्याचे दोन सहामाही भाग करायचे असतील तर ऑक्टोबरच्या कॉलमवर, म्हणजे L1 या कप्प्यावर उभे राहून Breaks मध्ये Insert Page Break म्हणायचे. त्याआधी Width पुन्हा Automatic करून Scale पुढे 100% द्यावे लागतात, कारण पानात बसवण्याची आज्ञा चालू असताना एक्सेल आपण घातलेली तोड मानत नाही. अनेकांची तोड ‘लागत नाही’ ती याचमुळे. मग Print Titles मध्येच Columns to repeat at left पुढे अनुक्रमांक, सदनिका आणि नाव हे तीन कॉलम द्यायचे:

```
$A:$C
```

अरुंद केलेल्या कॉलमांसह पहिला भाग सुमारे १६.७ सेंटीमीटर होतो आणि दुसरा २४.४, दोन्ही आडव्या पानात शंभर टक्क्यांनी, पूर्ण ११ पॉइंटमध्ये बसतात. प्रत्येक पानावर नावे असतात. आता राहिला पानांचा क्रम. Page Setup च्या Sheet या टॅबवर Page order मध्ये Over, then down निवडले की एकाच सभासदांची दोन्ही पाने लागोपाठ येतात, आणि दोन्ही बाजूंनी छापले तर एप्रिल ते सप्टेंबर पुढे आणि ऑक्टोबरपासून येणे बाकीपर्यंत त्याच कागदाच्या मागे मिळते.